घरातली जुनी कोरीव अंगठी किती जुनी? अक्षरं, कोरीवकाम आणि धातू काय सांगतात?

गोराईला जायचं तर बोरिवलीहून खाडीपर्यंत यायचं आणि फेरीबोट पकडायची. पाचदहा मिनिटांत पलीकडे. या पलीकडच्या पट्ट्यातल्या जुन्या ईस्ट इंडियन घरांत अजूनही पेट्या-कपाटांत जपून ठेवलेल्या वस्तू निघतात. लग्नातले दागिने, चर्चची कागदपत्रं, आणि कधीकधी एखादी जाड, चपट्या माथ्याची अंगठी. माथ्यावर अक्षरं किंवा एखादं चिन्ह कोरलेलं असतं. घरात विचारलं की उत्तर ठरलेलं, 'ही फिरंग्यांच्या काळातली.'

ते खरं असू शकतं का? असू शकतं. हा सगळा भाग पोर्तुगीजांच्या वसई प्रांतात होता. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि इथे पेशव्यांचा अंमल आला. १७७४ च्या अखेरीस ठाणे आणि साष्टी इंग्रजांनी जिंकून घेतली, १७८२ च्या सालबाईच्या तहात ती त्यांच्याकडेच राहिली. म्हणजे जेमतेम ३५ वर्षांत इथल्या लोकांनी तीन राजवटींचे शिक्के पाहिले. पोर्तुगीज राजाचं ढालीचं चिन्ह, पेशव्यांची देवनागरी मुद्रा आणि कंपनी सरकारचं लाखेचं सील.

तिन्ही शिक्के वेगळ्या पद्धतीने कोरले जायचे आणि वेगळ्या पद्धतीने उठवले जायचे. त्यामुळे हातातली अंगठी किंवा शिक्का साधारण कोणत्या काळातला, हे बरंचसं नुसतं नीट बघून कळतं. कुठे बघायचं ते मात्र माहीत हवं.

आधी बघा, अक्षरं उलटी आहेत का?

मोहोर म्हणजे ठसा उठवायची वस्तू. कागदावर किंवा लाखेवर अक्षरं सुलटी दिसायची असतील तर धातूवर ती उलटीच कोरावी लागतात, आरशात दिसतात तशी. रबरी शिक्का हातात घेऊन बघितलाय ना, अगदी तसंच.

आता घरातली अंगठी घ्या. तिच्यावरची अक्षरं सरळ वाचता येत असतील तर ती मोहोर म्हणून बनलेलीच नाही, दागिना आहे. दागिना जुना असू शकतो, पण 'या अंगठीने पणजोबा कागदांवर सही करायचे' ही गोष्ट तिथेच संपते. ठसा उलटा उठला असता.

या एका कसोटीवर बाजारातला बराच माल बाद होतो. शिवाजी महाराजांच्या राजमुद्रेची अंगठी तर आपल्याकडे हजारो जणांच्या बोटात दिसते. आठ कोन, आत संस्कृत मजकूर, अक्षरं उठावाची आणि सरळ वाचता येणारी. हौसेला काही हरकत नाही. पण अशीच एखादी जरा काळपट करून 'जुन्या वाड्यात सापडली' म्हणून कुणी दाखवली, तर प्रश्न एवढाच विचारायचा की हिचा ठसा कसा उठणार?

उलट अक्षरं वाचायला फोन पुरेसा आहे. अंगठीचा फोटो काढायचा आणि फोटो एडिटमध्ये आडवा उलटवायचा. त्याहून चांगलं म्हणजे मुलांच्या खेळातली मऊ माती घेऊन हलक्या हाताने ठसा उठवायचा. वितळवलेली लाख मात्र जुन्या अंगठीवर अजिबात वापरू नका. खाचांत अडकली तर काढताना कोरीवकामाचं नुकसान होतं, आणि आधीपासून अडकलेली जुनी लाख असेल तर तो पुरावाही जातो. त्या पुराव्याकडे पुढे येऊच.

खाच किती खोल? शाईची मोहोर आणि लाखेची मोहोर

सिनेमांमुळे आपल्या डोक्यात एकच चित्र बसलंय. राजा पत्र लिहितो, मेणबत्तीवर लाल मेण वितळवतो आणि अंगठी दाबतो. युरोपात असं व्हायचं. मराठी दरबारात मोहोर सहसा शाईनेच उठवायचे. मुद्रेला शाई लावायची आणि कागदावर दाबायची. कागदपत्रांच्या माथ्यावर मुद्रा असायची आणि मजकूर संपला की शेवटी दुसरी छोटी मोहोर, म्हणजे मोर्तब. मोर्तब असायचं ते मजकूर इथेच संपला हे दाखवायला, म्हणजे खाली कुणी आणखी दोन ओळी घुसडू नयेत. शिवाजी महाराजांच्या मोर्तबावर 'मर्यादेयं विराजते' असं आहे, पेशव्यांच्या मोर्तबावर 'लेखनसीमा'. आपण आज एखाद्या निर्णयावर 'शिक्कामोर्तब झालं' म्हणतो, तो शब्द या दोन मोहोरांचा आहे.

शाईच्या मोहोरेला खोली लागत नाही. लागतो तो सपाट माथा, कारण शाई माथ्यावरच बसते. खाचेत शाई जात नाही, म्हणून कोरलेला भाग कागदावर पांढरा राहतो. अक्षरं खाचेची असतील तर काळ्या जमिनीवर पांढरी उठतात, अक्षरं उठावाची ठेवून भोवतालची जमीन खोदली असेल तर काळी उठतात. दोन्हीत कोरणारा एकाच पातळीत काम करतो.

लाखेचं उलट आहे. लाख खाचेत शिरते आणि जेवढी खोल खाच तेवढा उंच उठाव मिळतो. त्यामुळे लाखेसाठी कोरणारा कारागीर पातळ्या करतो. सिंहाचं पोट सगळ्यात खोल, आयाळ जरा कमी, शेपटीची रेष अगदी वरवर. धातूवर पाहिलं तर खळगा दिसतो, पण ठसा उठवला की अंगावर येणारं छोटंसं शिल्प तयार होतं.

म्हणून हातातल्या मोहोरेची खाच उथळ आणि एकसारखी असेल तर ती बहुधा शाईसाठी, खोल आणि चढउताराची असेल तर लाखेसाठी. देवनागरी किंवा फारसी अक्षरांची मोहोर आणि लाखेला शोभेल इतकी खोल, पातळ्यांची खाच ही जोडी दिसली तर मी तरी आधी संशय घेईन.

एक गंमत जाता जाता. आपण इंग्रजीच्या नादाने ज्याला मेणाचं सील म्हणतो त्यात मेण जवळपास नसतं. मध्ययुगीन युरोपात खरोखर मधमाश्यांचं मेण वापरायचे. सोळाव्या शतकापासून त्याची जागा लाखेने घेतली, आणि लाख येत होती भारतातून. पळस, कुसुम, बोर अशा झाडांवरच्या किड्यांची ही राळ. पोर्तुगीज भाषेत सील करायच्या लाखेला 'लाक्रे' म्हणतात, तो शब्द आपल्याच लाखेवरून गेलेला.

मजकूर वाचता आला तर अर्धं काम झालं

पेशव्यांच्या मुद्रेत काळ शोधायची सोय आतच असते. कारण पेशवा स्वतःचं नाव एकट्याने लिहीत नाही. आधी छत्रपतींचं नाव, मग 'हर्षनिधान', आणि त्यानंतर स्वतःचं नाव वडिलांच्या नावासकट, शेवटी प्रधान. म्हणजे एका छोट्या वर्तुळात तीन माणसं येतात आणि तिघांच्या तारखा इतिहासाला माहीत आहेत.

बाळाजी बाजीराव, म्हणजे नानासाहेब पेशवे यांचं उदाहरण घेऊ. ते १७४० मध्ये पेशवे झाले आणि १७६१ मध्ये, पानिपतानंतर, वारले. नुसतं नाव वाचलं तर २१ वर्षांचा पट्टा मिळतो. पण १७४९ च्या डिसेंबरात शाहू महाराज वारले आणि त्यांच्यामागे रामराजे गादीवर आले. मग मुद्रेवर 'राजा शाहू' असेल तर ती मुद्रा १७४० ते १७४९ या काळात कोरलेली, आणि 'राजाराम' असेल तर त्यानंतरची. एका शब्दाने पट्टा निम्म्यावर आला.

यात एक सापळा आहे. रामराजे १७७७ मध्ये वारले आणि त्यांच्यानंतर पुन्हा शाहू नावाचेच छत्रपती झाले, दुसरे शाहू. पेशव्यांमध्येही नावं पुन्हा येतात. त्यामुळे 'राजा शाहू' आणि 'बाजीराव' एवढंच वाचून कुणी मुद्रा थोरल्या बाजीरावांची ठरवली तर चूक होऊ शकते, कारण दुसऱ्या बाजीरावांच्या मुद्रेवरही शाहू येऊ शकतात. इथे वडिलांचं नाव सोडवतं. थोरले ते बाजीराव बल्लाळ, म्हणजे बाळाजींचे पुत्र, काळ १७२० ते १७४०. धाकटे बाजीराव रघुनाथ, राघोबादादांचे पुत्र, आणि ते पेशवे झाले १७९६ मध्ये. मुद्रा झिजलेली असेल आणि नेमकं वडिलांचं नाव गेलं असेल तर जवळपास ८० वर्षांचा घोळ होतो.

फारसी मोहोरांवर बहुतेकदा हिजरी साल कोरलेलं असतं. आणि फारसी मोहोर म्हणजे मुसलमान माणसाचीच असंही नाही. जिजाबाईंची मोहोर फारसीत होती, कंपनीचे इंग्रज अधिकारीही फारसीत मोहोरा कोरून घ्यायचे. हिजरी वर्ष चांद्र असल्यामुळे आपल्या वर्षापेक्षा साधारण ११ दिवसांनी लहान असतं, म्हणून नुसते ६२२ मिळवून चालत नाही. हिजरी सालाला ०.९७ ने गुणा आणि मग ६२२ मिळवा. ११५० हिजरी असेल तर गुणाकार साधारण १११५ येतो, त्यात ६२२ मिळवले की १७३७. वर्षभराचा फरक पडू शकतो, पण अंदाजाला पुरतं.

इथे बरेच जण घसरतात. मोहोरेवरचं साल हे मोहोर कोरल्याचं साल आहे, कागदाचं नाही. माणूस एकदा मोहोर करून घेतो आणि वर्षानुवर्षं वापरतो. त्यामुळे कागद मोहोरेच्या सालानंतरचा असू शकतो, आधीचा कधीच नाही. ११५० ची मोहोर ११४५ च्या कागदावर दिसली तर कागद तरी खोटा किंवा वाचन तरी चुकलंय.

आणि पोर्तुगीज? त्यांच्या राजचिन्हात मधोमध क्रुसासारख्या मांडलेल्या पाच छोट्या ढाली असतात, प्रत्येक ढालीत पाच ठिपके, आणि भोवतीच्या किनारीत किल्ले. हे चिन्ह पोर्तुगालच्या आजच्या झेंड्यावरही आहे. त्यामुळे नुसतं चिन्ह दिसलं म्हणून अंगठी वसईच्या काळातली ठरत नाही. वर राजमुकुट आहे का ते बघा. १९१० मध्ये पोर्तुगालात राजेशाही गेली आणि चिन्हावरून मुकुटही गेला. गोवा त्यानंतरही १९६१ पर्यंत पोर्तुगीजांकडेच होता, म्हणजे गोव्याहून आलेली बिनमुकुटाची वस्तू अगदी अलीकडची असू शकते.

भिंगाखाली: हाताने कोरलंय, ओतलंय की मशीनने केलंय?

मजकूर कुणालाही नक्कल करता येतो. हत्याराच्या खुणांची नक्कल करणं कठीण. यासाठी सोनार वापरतात ते दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या आणि टॉर्च वरून न मारता बाजूने, आडवी धरा. आडव्या उजेडात खाचांच्या सावल्या पडतात आणि सगळं बोलायला लागतं.

हाताने कोरताना कारागीर टोकदार पोलादी कोरणी धातूत ढकलतो. ती आत शिरताना खाच बारीक असते, मध्ये रुंद होते आणि बाहेर पडताना पुन्हा निमुळती. खाचेचा तळ अरुंद आणि बाजू घासल्यासारख्या चकचकीत. कुठेतरी हात निसटल्याची बारीकशी रेघही दिसते. मला तर अशी चूक दिसली की बरं वाटतं.

ओतीव वस्तूत कडा गोलसर होतात, साबणाची वडी दोनदा वापरल्यावर अक्षरं होतात तशा. खाचेच्या तळाशी दाणेदार खरखरीतपणा असतो आणि बुडबुड्यांची बारीक भोकं. जुन्या मोहोरेवरून साचा काढून नक्कल ओतली की ही लक्षणं दिसतात. वर नक्कल मूळ वस्तूपेक्षा किंचित लहान येते, कारण धातू थंड होताना आकसतो. मूळ वस्तूचं माप कुठे नोंदलेलं असेल तर हा पुरावा मोठा ठरतो.

लेझरने केलेल्या कामात खोली सगळीकडे सारखी असते आणि तळाला नांगरलेल्या शेतासारख्या समांतर बारीक रेषा दिसतात. फिरत्या मशीनच्या हत्याराने केलं असेल तर रेषांची टोकं गोल येतात, निमुळती नाही.

यातली माझी आवडती युक्ती भिंगाशिवायही जमते. मजकुरात दोनदा आलेलं एखादं अक्षर शोधा. 'राजा शाहू' मध्ये काना तीनदा येतो, 'नरपति' मध्ये 'र' आहे आणि 'बाजीराव' मध्येही. हाताने कोरलेली दोन अक्षरं कधीच तंतोतंत सारखी नसतात. एकाचं पोट जरा मोठं, एकाची दांडी जरा तिरकी. दोन्ही अक्षरं केसाचाही फरक न पडता सारखी असतील तर ती कॉम्प्युटरच्या फॉन्टमधून आली आहेत. 

अर्थात ओतीव म्हणजे खोटी, असं सरळ समीकरण नाही. जुन्या काळीही अंगठीचा आकार ओतून मग त्यावर हाताने कोरायचे. बघायचं ते अक्षरांच्या खाचांकडे, अंगठीच्या अंगाकडे नाही.

धातू: पितळेचा युरोपी नियम इथे का चालत नाही

आपल्याकडच्या हातशिक्क्यांत पितळ भरपूर सापडतं. युरोपातल्या जुन्या वस्तू तपासणारे लोक पितळेबाबत एक सोपा नियम वापरतात. पूर्वी तिथे शुद्ध जस्त वेगळं काढता येत नव्हतं. तांबं आणि जस्ताचं खनिज कोळशाबरोबर बंद भांड्यात तापवायचे, आणि या पद्धतीने पितळेत जस्त साधारण २८ टक्क्यांच्या आसपास अडायचं. त्यामुळे तिथल्या एखाद्या 'मध्ययुगीन' शिक्क्यात जस्त ३५ टक्के निघालं तर तो अलीकडचा ठरतो.

हा नियम इंटरनेटवर वाचून कुणी कोकणात सापडलेल्या शिक्क्याला लावला तर फसेल. कारण राजस्थानात उदयपूरजवळच्या जावर इथे जस्त ऊर्ध्वपातनाने काढायची विद्या युरोपच्या कितीतरी शतकं आधीपासून होती. उलट्या टांगलेल्या मातीच्या मुशींतून जस्ताची वाफ खाली उतरवून थंड करायचे, त्या मुशींचे ढीग तिथे आजही आहेत. म्हणजे आपल्याकडे जास्त जस्ताचं पितळ सतराव्या-अठराव्या शतकात असण्यात काहीच नवल नाही. जस्त जास्त म्हणून शिक्का नवा असं इथे म्हणता येत नाही.

धातूचं प्रमाण तपासणारं क्ष-किरणांचं यंत्र आता बऱ्याच हॉलमार्किंग केंद्रांत आणि मोठ्या सराफांकडे असतं. वस्तूला धक्का न लावता दोन मिनिटांत आकडा मिळतो. पण ते यंत्र पृष्ठभागच वाचतं. वर्षानुवर्षं मातीत किंवा खाऱ्या हवेत राहिलेल्या पितळेच्या वरच्या थरातून जस्त निघून जातं आणि पृष्ठभाग तांबूस होतो. गोराईसारख्या समुद्राकाठच्या गावात तर हे होणारच. मग यंत्र जस्त कमी दाखवतं आणि वस्तू आहे त्याहून वेगळी वाटते. मुलामा असेल तरी तेच.

सोन्याचं वेगळं आहे. सोनं स्वतः वय सांगत नाही, ते कितीदाही वितळवता येतं. सांगतात ते त्यावरचे छाप. इंग्रजी अंगठीच्या आतल्या बाजूला अगदी बारीक छापांची रांग असते. त्यात बनवणाऱ्याची आद्याक्षरं, तपासणी झालेल्या शहराचं चिन्ह, शुद्धतेचा आकडा आणि वर्षाचं एक अक्षर. नांगर म्हणजे बर्मिंगहॅम, बिबट्याचं तोंड म्हणजे लंडन. आकड्यांचे नियम वेळोवेळी बदलले आणि तेच आपल्या कामाचे. ९, १२ आणि १५ कॅरट हे दर्जे तिथे १८५४ मध्ये सुरू झाले. त्यातले १२ आणि १५ कॅरट १९३२ मध्ये बंद होऊन १४ कॅरट आलं. म्हणजे १५ आणि .६२५ हा छाप दिसला की अंगठी १८५४ ते १९३२ मधली, यात वाद नाही. छाप स्वतः खोटा नसेल तर, अर्थात.

आपल्याकडच्या सोन्यावर जुने छाप क्वचितच मिळतात, मिळाला तर सोनाराचा स्वतःचा ठसा. बीआयएसचं हॉलमार्किंग २००० पासूनचं आणि सहा अक्षर-अंकांचा ओळख क्रमांक २०२१ पासूनचा. एक मधला टप्पा मात्र गमतीशीर आहे. १९६३ च्या जानेवारीत मोरारजी देसाई अर्थमंत्री असताना सुवर्ण नियंत्रण आलं आणि १४ कॅरटपेक्षा जास्त शुद्ध सोन्याचे नवे दागिने बनवायला बंदी झाली. आपल्या घरांत सोनं म्हणजे २२ कॅरट, त्यामुळे ही बंदी लोकांना पटली नाही आणि १९६६ मध्ये ती उठली. मुंबईत घडवलेली, देशी घडणीची १४ कॅरटची जुनी अंगठी निघाली तर हा काळ मनात ठेवायला हरकत नाही. पुरावा म्हणून नाही, शक्यता म्हणून.

एक अंगठी घेऊन बघू

समजा, गोराईतल्या एका घरातून अंगठी निघाली. पिवळं सोनं, माथा लंबगोल, त्यावर एकमेकांत गुंतलेली दोन रोमन अक्षरं. घरची समजूत अशी की ही पोर्तुगीजांच्या वेळची, आठ पिढ्यांपूर्वीची.

आधी अक्षरं बघितली. ती सरळ वाचता येतात, म्हणजे ही मोहोर नाही. याने वय ठरत नाही, पण एक दिशा मिळते. पत्र घडी घालून लाखेने बंद करायची गरज होती तोवर अंगठीवर उलटी अक्षरं लागत होती. ब्रिटनमध्ये १८४० ला आणि भारतात १८५४ ला टपालाचे सरसकट स्वस्त दर आणि तिकिटं आली, हळूहळू डिंकाचे लिफाफे रुळले आणि अंगठीचं ते काम संपत गेलं. त्यानंतर ती जास्त करून शोभेची झाली आणि सरळ अक्षरं वाढली.

मग आतली बाजू. कडेला झिजलेले चार छाप. दोन वाचता आले, नांगर आणि १५ .६२५. बर्मिंगहॅम, १८५४ ते १९३२. इथेच पोर्तुगीज काळ बाद झाला, कारण वसई तर १७३९ लाच गेली होती. तिसरा छाप वर्षाचं अक्षर. ते आणि त्याभोवतीच्या चौकटीचा आकार त्या शहराच्या तक्त्याशी जुळवला की नेमकं वर्ष मिळतं. चौकट विसरायची नाही, कारण तीच अक्षरं काही वर्षांनी पुन्हा येतात आणि फरक चौकटीत आणि अक्षराच्या वळणात असतो.

आता झीज. अंगठीचा तळहाताकडचा भाग पातळ झालाय, खांदे गुळगुळीत झालेत, म्हणजे ती पुष्कळ वर्षं वापरात होती. पण माथ्यावरच्या अक्षरांच्या कडा मात्र टोकदार आहेत. हे जुळत नाही. माथा तर बोटाचा सगळ्यात जास्त आपटणारा भाग, आधी तोच झिजायला हवा. आडव्या उजेडात पुन्हा बघितल्यावर माथा मधोमध किंचित खोलगट दिसला आणि अक्षरांच्या मागे एका जुन्या वळणाची अंधुक रेघ. म्हणजे आधीची अक्षरं घासून काढली आणि त्यावर नवी कोरली. अंगठी एकाची, अक्षरं नंतरच्या दुसऱ्याची.

तर निकाल असा. अंगठी इंग्रजी काळातली, कोरीवकाम त्याहून नवं. आणि याला पटण्यासारखं कारणही आहे. या समाजातले बरेच जण इंग्रजांच्या कचेऱ्यांत, रेल्वेत, गोदीत नोकऱ्या करत होते. 'ईस्ट इंडियन' हे नावही त्यांनी १८८७ मध्ये, राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवाच्या वर्षी घेतलं. पगाराच्या पैशातून घेतलेली इंग्रजी अंगठी आणि पुढे मुलाने किंवा नातवाने त्यावर घालून घेतलेली स्वतःची अक्षरं, हे आठ पिढ्यांच्या कथेपेक्षा जास्त शक्य वाटतं.

हीच अंगठी वेगळी निघाली असती तर? अक्षरं उलटी, खाच खोल, आणि खाचेच्या कोपऱ्यात लाल कण. ते कण वापराचा पुरावा असतात. म्हणूनच सुरुवातीला म्हटलं, की साफ करायच्या आधी फोटो काढा. चिंच, टूथपेस्ट, सोनाराचं ॲसिड, पॉलिश, यांतल्या कशानेही पाच मिनिटांत वस्तू चकचकीत होते, आणि हत्याराच्या खुणा, लाखेचे कण, पितळेवरचा जुना थर सगळं जातं.

आणि नुसतं लाखेचं सील मिळालं तर?

जुन्या दस्तऐवजावर सील असतं पण शिक्का हाती नसतो, तेव्हा सीललाच वाचावं लागतं. खरी लाख ठिसूळ असते. जुनी झाली की चमक जाते, बारीक भेगांचं जाळं पडतं आणि कडांचे तुकडे निघतात. हल्ली लग्नपत्रिकांवर जी सीलं येतात ती मुद्दाम लवचिक केलेली असतात, म्हणजे कुरिअरमध्ये तुटू नयेत. वाकवलं तर वाकणारं 'दोनशे वर्षांपूर्वीचं' सील कुठून आलं ते सांगायला नको. पण खऱ्या जुन्या सीलवर हा प्रयोग करू नका, ते मोडेल. कडेची भेग बघूनच कळतं.

अतिनील टॉर्चखाली लाख नारिंगी झाक देते. लाल रंगासाठी शेंदरी खनिज जास्त घातलं असेल तर ही झाक दबते, म्हणून दिसली तर उपयोगी, नाही दिसली तर काही ठरत नाही.

कागदाकडेही बघा. गरम लाख पडते तिथे कागदाच्या मागे तेलकट डाग उमटतो आणि कागद घडीला फाटतो. सील अखंड, पण खालची घडी कधी उघडलेलीच वाटत नाही किंवा लाख घडीच्या बाहेरच आहे, असं असेल तर ते सील नंतर चिकटवलेलं असू शकतं.

वस्तू खरंच जुनी निघाली तर कायद्याचाही संबंध येतो. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार १०० वर्षांहून जुनी कोरीव वस्तू पुरावशेष धरली जाते. ऐतिहासिक किंवा साहित्यिक मोलाच्या हस्तलिखितांना आणि दस्तऐवजांना ही मर्यादा ७५ वर्षांची आहे. घरात ठेवायला बंदी नाही, पण ती देशाबाहेर नेता येत नाही आणि विक्रीचा धंदा परवान्याशिवाय करता येत नाही. परदेशातल्या नातेवाइकाला भेट म्हणून पाठवण्याआधी हे लक्षात ठेवा. मोडी कागद आणि त्यावरची मुद्रा वाचून घ्यायची असेल तर पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, आणि पेशवे दफ्तरही पुण्यातच. तिथे जाताना मूळ वस्तूबरोबर आडव्या उजेडातले फोटो, मातीतल्या ठशाचा फोटो आणि मिलिमीटरमध्ये मोजलेलं माप घेऊन जा.